सरळ केलेल्या सळ्या

जूचंद्रच्या साइटवर सँड्रा पाटापाशी उकिडवी बसली होती. पाट म्हणजे जाड फळी, तिच्यावर ठोकलेल्या लोखंडी पिना, आणि पिनेभोवती सळी वळवणारा फिटर. सळी हळूच वळत होती. पिनेची जाडी सळीच्या चौपट, म्हणून वळण गोल येत होतं, कुठे कोपरा नव्हता. टोकाचा आकडा वळून झाला की सँड्रा त्यावरून बोट फिरवून बघायची. बाहेरच्या बाजूला बारीकशी चीर असली तर ती डोळ्याआधी बोटाला कळते.

"मॅडम, ही एक चुकलीय," फिटर म्हणाला. "उलटी वळली. सरळ करून घेतो परत."

"नको. बाजूला टाक."

"एवढ्याशा चुकीला अख्खी सळी?"

"एकदा वळली ती वळली. तिला सरळ केलंस तर दिसायला सरळ होईल, पण आतून तुटायला लागलेली असेल. नवीन घे."

तेवढ्यात आईचा फोन आला.

आईचं नाव बेटी. तिचा आवाज लग्नघराचा होता. मागे भांडी वाजत होती, कुणी हसत होतं. भावाचं, केल्विनचं, लग्न परवावर आलेलं. सँड्रा पुण्याची नोकरी सोडून पंधरा दिवसांपूर्वीच गासला घरी परतली होती, आणि नवीन कामावर सुट्टी मिळत नव्हती म्हणून आजही साइटवर.

"सँड्रा, येताना कापूर आन गो. आन तुझ्या पपांना जरा समजाव. तो हरेश मांडववाला सकाळपासून डोकं खातोय. म्हणे गॅलरीखालचे टेकू काढा, नाहीतर मी मांडव कुठे बांधू."

"मग काढायला हरकत नाही, आय. स्लॅब तीन आठवड्यांची झाली. जयराम मिस्त्री आहे ना?"

"आहे की. काढतोय तो. मी वरच आहे, गॅलरीत. फ्लॉसी आणि मी तोरण बांधतोय." बेटी हसली. "मागल्या खेपेपेक्षा बरं आहे बाई. आपल्या रीटाच्या लग्नाला आठवतं, त्या सळ्या बाहेर आलेल्या, मांडवाचं कापड फाटत होतं. मग पपांनी नि जयरामनं सगळ्या वर दुमडल्या, भिंतीला चिकटवून. तू आलीस तेव्हा कापड लागलेलं, तुला दिसलंच नसेल."

सँड्राच्या हातातली सळी पाटावर पडली.

"दुमडल्या? कशानं?"

"पाण्याच्या पायपानं. पाइप घातला नि ओढला. नंतर वर्षभर तू आलीच नाहीस, तशाच होत्या, मी त्यांच्यावर फडकी वाळत घालायची. आता गॅलरी घालायची म्हणून परत सरळ केल्या. एक मेली सरळ होईना, कटकन तुटली. मग जयरामनं भोक पाडून दुसरी बसवली. हुशार आहे तो."

"आय, ऐक. आत जा."

"काय?"

"गॅलरीतून आत जा. तू नि फ्लॉसी आंटी. आत्ता."

"आत जाऊन काय करू, तोरण इथे आहे. अगं थांब, बॅन्डवाले आले बघ, ठोकून बघतायत." आणि मग ढोल. ढोलाच्या मागे आईचा आवाज एकदा वर आला, "कापूर विसरू नको," आणि फोन बंद.

सँड्रानं पुन्हा लावला. वाजला, वाजत राहिला. पपांचा लावला, तो केल्विनकडे होता, केल्विन वसईत शिंप्याकडे. "मला इथून काय जमणार, तू घरी कुणालातरी लाव ना," केल्विन म्हणाला. जयरामचा लावला, जयराम काम करताना शर्ट झाडाला टांगतो आणि शर्टात फोन.

फिटर म्हणाला, "काय झालं मॅडम?"

ती स्कूटरवर बसलीसुद्धा होती.

*

नायगावचा पूल चढताना तिला ते घर दिसत होतं. त्या घराच्या वरच्या मजल्याची ड्रॉइंग तिनंच काढली होती, पहिली नोकरी लागली त्या वर्षी. पपांनी मजला चढवला तेव्हा गॅलरी पुढे कधीतरी घालायची ठरली होती, म्हणून पुढच्या तुळईतून सळ्या बाहेर ठेवलेल्या. बारा मिलीच्या, वीसेक. तिनं जयरामला समोर बसवून सांगितलं होतं, दादा, गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. हाताला खालून आधार नाही. त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळी वर. आणि ती सळी मागं स्लॅबात खोल गेली पाहिजे. बारा मिलीच्या सळीला आपल्या काँक्रिटात घट्ट धरून राहायलाच सव्वादोन फूट लागतात; मी तुम्हाला सहा फूट आत घ्यायला सांगते, टोकाला आकडा द्या. जयरामनं तसंच केलं होतं. मुळं खोल होती. मुळाबद्दल तिला कधीच शंका नव्हती.

पण दुमडल्या त्या मानेत. भिंतीच्या तोंडाशी. जिथं ताण सगळ्यात जास्त.

पाटावर पिन असते, वळण गोल येतं. भिंतीशी पाइप घालून ओढलेल्या सळीला पिन कुठली? काँक्रिटचा कोपरा हीच तिची पिन. तिथं ती गुडघ्यासारखी मोडते. वळणाच्या बाहेरच्या अंगाचं लोखंड ओढलं जातं, आतल्या अंगाचं चेचलं जातं. मग वर्षभर उन्हात तशीच. दुखावलेलं लोखंड वर्षभरात आणखी कडक होतं, ठिसूळ होतं. आणि मग एक दिवस उलटं ओढायचं. जे अंग चेचलं होतं तेच आता ताणायचं. तडा तिथं जातो, सळीवरच्या उंचवट्याच्या बुडाशी, केसाएवढा. वरून सिमेंट पडलं की कुणाला दिसणार.

एक तुटली, म्हणाली आय. म्हणजे बाकीच्याही तुटायच्या वाटेवर.

उमेळ्यापाशी मिठाचा ट्रक आडवा होता. तिनं हॉर्न दाबून धरला. ट्रकवाला शांतपणे तंबाखू मळत होता. "कुनाचं लगीन आहे का गं पोरी?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. ट्रकवाल्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं गाडी मागं घेतली.

वसईच्या पुढे, वाडीच्या रस्त्याला केळीच्या बागा लागल्या, वाडीतल्या विहिरी, दारापुढचे क्रूस. सगळं रोजच्यासारखं. तिच्या मनात एकच: आय, आत जा. आय, आत जा. ही माळ तिनं कितीदा ओढली तिलाच माहीत नाही.

*

अंगणात बांबू आडवे पडले होते. बॅन्डवाले चहा पीत होते. बाहेरच्या रांगेतले टेकू निघाले होते. भिंतीजवळची एक रांग तेवढी उभी होती, आणि जयराम तिच्या पहिल्या टेकूचा स्क्रू सोडायला हात घालत होता.

वर गॅलरीत बेटी. खुर्चीवर चढलेली, हातात आंब्याच्या पानांचं तोरण. जवळ शेजारच्या घरातली फ्लॉसी आंटी दोरा धरून. बेटी गात होती, लग्नाची गाणी तिच्या तोंडी आपोआप येत,

मांडव घातिला दारी, सावलीला चार खांब
नवरी येती माज्या घरा, उंबऱ्या रे जरा थांब

"जयरामदादा," सँड्रा म्हणाली. ओरडायचं नाही हे तिनं रस्ताभर ठरवलं होतं. "हात काढा. तसेच मागं या. हळू."

जयरामनं स्क्रूवरचा हात काढला. मग मागं आला.

"आय, खुर्चीवरून उतर. उडी नको मारू. फ्लॉसी आंटी, तुम्ही आधी आत जा. मग आय."

"आली इंजिनियर," बेटी वरून म्हणाली. "कापूर आनलास?"

"आणला. आत ये, देते."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. बेटी गाणं म्हणणारी बाई. तिला शब्दांआधी सूर ऐकू यायचा. ती खुर्चीवरून एक एक पाय टाकत उतरली. फ्लॉसी आत गेली. बेटी दाराच्या चौकटीत पोचली तेव्हा कुठूनतरी टक् असा आवाज आला. नखानं नख मोडावं इतका लहान. अंगणातल्या बॅन्डवाल्यांना तो ऐकूसुद्धा आला नाही.

जयरामला आला. त्याचं तोंड राखेसारखं झालं.

सँड्रा जिन्यानं वर गेली. चौकटीत आईला मागं सारून ती गुडघ्यांवर बसली. गॅलरीवर पाय न ठेवता, भिंतीच्या कडेला लवून बघितलं. गॅलरी आणि घर जिथं मिळतं तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. तिनं केरसुणीतला एक हीर उपटला आणि रेघेत घातला. हीर आत गेला. अर्ध्या बोटाएवढा आत गेला.

"सांधा आहे तो," मागून पपा म्हणाले. सेबॅस्टियन दारात उभे होते, शाळेत मुख्याध्यापक होते तेव्हासारखे हात मागं बांधून. "जुनं नि नवं काँक्रिट मिळतं तिथं रेघ दिसणारच. तूच सांगितलं होतंस मागं."

"नुसत्या सांध्यात रेघ दिसते, पपा. हीर जात नाही."

"लग्नघरात असं काही बोलू नये, सँड्रा."

"मग कुठे बोलू? सळ्या दुमडल्या तेव्हा मला एक फोन का नाही केलात?"

"तू पुण्यात. कामात. एवढ्याशा गोष्टीला काय फोन करायचा?" त्यांचा आवाज चढला. "सळ्या वाकवायच्याच असतात ना? जयराम रोज वाकवतो. आकडे करतो, रिंगा करतो. तेव्हा चालतं?"

"तेव्हा तो पिनेभोवती एकदा वाकवतो आणि तशीच ठेवतो. आकडा वाकडाच राहतो, पपा. त्याला कुणी पुन्हा सरळ करत नाही."

जयराम खालून जिन्यापर्यंत आला होता. तो जूचंद्रचाच, मिठागरवाल्यांच्या घरातला. त्यानं डोक्यावरचा पंचा हातात घेतला.

"ताय, मी बी बोललो होतो यांना, परत सरळ करू नये. मग बोललो, चालंल. येक तुटली तेवा थांबायला पायजे होतं."

"तुटली तिच्या जागी काय केलंत?"

"भोक पाडलं तुळईत. वीतभर. सळी घातली, सिमेंट ठोकलं."

"वीतभर. सव्वादोन फूट लागतात तिथं वीतभर."

"आकडा दिला होता की. चांगला गोल आकडा."

"कुठल्या टोकाला?"

जयरामनं हातानं बाहेरची बाजू दाखवली. मग त्याचा हात तसाच राहिला. त्यालाच उमगलं. बाहेरच्या टोकाला कोण ओढतंय? ओढ सगळी भिंतीशी. धरून ठेवायचं तिथं सळी वीतभर, आणि आकडा हवेतल्या टोकाला. तो पायरीवर बसला.

खालून हरेश मांडववाला ओरडला, "मास्तर, काय करायचं बोला. माझी मानसं बसलीत. अजून सोपाऱ्याला दुसरा मांडव आहे."

"हरेश, माणसं घेऊन फाटकाबाहेर जा," सँड्रा म्हणाली. "बॅन्डवाल्यांनापण ने."

"हे बरं आहे. लग्न काय फाटकाबाहेर लावायचं?"

"हरेश," सेबॅस्टियन म्हणाले. "जा."

त्यांनी हे एवढ्या हळू म्हटलं की हरेश खरंच गेला.

*

आता अंगण रिकामं. भिंतीजवळच्या टेकूंवर गॅलरी तोललेली, बाहेरची कड मोकळी. सँड्राला दिसत होतं की त्या आतल्या रांगेमागं फार बळ नाही. कड खाली गेली तर अख्खी फळी त्यांच्यावरून उलथेल आणि घराच्या दारातच पडेल. दारात, जिथून सून आत यायची.

"बाहेरचे टेकू परत लावायला हवेत," ती म्हणाली. "पण खाली कुणी जायचं नाही. दोन बांबूंनी बाहेरून ढकलत नेऊ, उभा करू, मग दोर बांधून..."

"बांबूनं स्क्रू नाय फिरत, ताय," जयराम म्हणाला. "हात पायजे." तो उठला. "मी जातो."

"नाही."

"माज्या हातची चूक..."

"तुमच्या घरी दोन पोरी आहेत जयरामदादा. नाही. अग्निशमनवाल्यांना फोन करते, ते येईपर्यंत कुणी..."

ती फोन लावत होती, तो लागत नव्हता, जयराम तिच्याशी वाद घालत होता, आणि दोघांचीही पाठ होती तेवढ्यात सेबॅस्टियन पायऱ्या उतरून गेले. चप्पल काढली, देवळात शिरताना काढावी तशी नीट बाजूला ठेवली. एक टेकू खांद्यावर घेतला आणि गॅलरीखाली गेले.

"पपा."

सँड्रा त्यांच्यामागं अंगणात उतरली. त्यांनी बघितलं नाही. टेकू उभा केला. एक हात खांबाला, एक स्क्रूला. साठीच्या पुढचा माणूस. खडू धरलेला हात, लोखंडाची सवय नाही. स्क्रू फिरेना. वर पुन्हा टक् झालं. गॅलरीच्या पोटातून सिमेंटची बारीक भुकटी त्यांच्या टकलावर पडली.

वरच्या दाराशी बेटी उभी होती. तिच्या नवऱ्याच्या आणि तिच्यामध्ये ती चार फुटांची फळी. ती हाक मारत नव्हती. चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी होती, जणू घरच तिनं धरून ठेवलंय.

"पपा, बाहेर या. तुमच्या पाया पडते."

"कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांग," सेबॅस्टियन म्हणाले.

सँड्रानं स्क्रूकडे बघितलं. तिनं सांगितलं. "उजवीकडे. घड्याळासारखा. सावकाश. टेकला की थांबा, जोर लावू नका. वर उचलायचं नाहीये, नुसता स्पर्श. आधार झाला पाहिजे, धक्का नाही."

"स्पर्श," ते म्हणाले.

स्क्रू फिरला. टेकूचं डोकं गॅलरीच्या कडेला लागलं. ते थांबले. दुसऱ्या टेकूसाठी त्यांनी मागं हात केला. आणि जयराम तो घेऊन खाली वाकून शिरलाच. कुणाला विचारलं नाही. मग दोघं. सँड्रानं पुन्हा थांबा म्हटलं नाही; आता थांबणं आणखी वाईट होतं. ती बाहेरून कडेकडे डोळे लावून उभी राहिली आणि सांगत गेली, या टेकूला जरा, त्याला नको, बास. एकेक टेकू लागला. चौथा लागल्यावर तिनं वर जाऊन हीर पुन्हा रेघेत घातला. तेवढाच गेला. वाढला नव्हता.

"या आता," ती म्हणाली.

सेबॅस्टियन बाहेर आले. भुकटीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बेटी खाली उतरून आली आणि तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसायला घेतलं, जरा जोरातच, लहान पोराचं पुसावं तसं.

"लाज नाही वाटत," ती म्हणाली. "परवा मुलाचं लग्न. आणि मी विधवेचं काय नेसू, तेही शिवून आनू का केल्विनच्या शिंप्याकडून?"

सेबॅस्टियन पुसू देत राहिले. मग सँड्राला म्हणाले, "टिकेल ना?"

"टेकू आहेत तोवर. वर कुणी चढायचं नाही, खाली कुणी बसायचं नाही. मांडव मागच्या अंगणात. सून मागच्या दारानं येईल."

"आणि लग्नानंतर?"

"फोडायची, पपा. मागं स्लॅबात शिरून जुन्या सळ्यांची चांगली लांबी उघडी करायची, नव्या तिथून जोडायच्या, पूर्ण लांबीनं. मुळं अजून चांगली आहेत."

सेबॅस्टियननी मान हलवली. फळी आणायला ते घरात गेले, गॅलरीचं दार ठोकून बंद करायला. बेटी त्यांच्या मागं. फाटकाबाहेर हरेश कुणाशी तरी फोनवर भांडत होता.

जयराम टेकूंजवळच उभा होता. पंचा पिळत.

"ताय."

"बोला."

"ही अशी येकच नाय." तो जमिनीकडे बघत होता. "गावात सगळे सळ्या ठेवतात बाहेर. पुडं गॅलरी, पुडं मजला. मग पोरांना लागतात, कापडं फाटतात, म्हनून दुमडतात. मग मला बोलवतात सरळ करायला. मी करतो. करत आलो."

"किती घरं?"

त्यानं मान वळवून फ्लॉसीकडे बघितलं. फ्लॉसी पायरीवर बसून तोरणाची चुरगळलेली पानं सरळ करत होती.

"फ्लॉसीबाय, तुमची पन," जयराम म्हणाला. "दोन वर्सांपूर्वी. तुमच्या चार तुटल्या होत्या."

फ्लॉसीच्या मांडीवरचं तोरण घसरलं. "आमची? अरे, तू तर म्हणालास, मजबूत झालीय, हत्ती नाचला तरी."

सँड्रानं बागेपलीकडे बघितलं. केळीच्या पानांच्या वर फ्लॉसीच्या घराची गॅलरी, निळ्या रंगाची, खाली एकही टेकू नाही. गॅलरीत आरामखुर्ची. खुर्चीत फ्लॉसीचा नवरा, ॲन्सेल्म अंकल, पेपर तोंडावर, जेवण करून नुकते लवंडलेले. त्यांच्याभोवती कुंड्या. पाण्यानं भरलेलं पिंप.

"फोन आहे त्यांच्याकडे?"

"झोपताना बंद ठेवतो," फ्लॉसी म्हणाली. ती घराकडे धावायला निघाली, सँड्रानं तिला खांदा धरून बसवलं.

"जयरामदादा, तुम्ही इथले उरलेले टेकू घेऊन या. हरेशच्या माणसांना बोलवा, बांबूही घ्या. पपांना सांगा."

सँड्रा केळीतून निघाली. धावायचं नव्हतं, दाणदाण पावलं वाजली तर म्हातारा दचकून उठेल, उभा राहील, कठड्यापाशी येऊन बघेल कोण आहे ते. ती ओल्या मातीवरून अनवाणी चालल्यासारखी चालत गेली, त्यांच्या घरात शिरली, जिना चढली. गॅलरीच्या दाराशी थांबली. भिंतीच्या कडेला रेघ होती. रंगाखालून वर आलेली, रुंद, तिच्यात मुंग्यांची ओळ चाललेली.

ती चौकटीतच गुडघ्यांवर बसली आणि हात पुढं केला.

"ॲन्सेल्म अंकल," ती म्हणाली, निजलेल्या बाळाला उठवावं तशा आवाजात. "मी सँड्रा. उठू नका एकदम. हळूच माझा हात धरा."

पेपर हलला.